यीस्टच्या वाढीचा वृद्धिस्थिरांक: मापनावरून काढण्याची रीत आणि तिच्या मर्यादा

टॉर कार्लसन याने १९१३ साली यीस्टच्या वाढीची दर तासाची मापने प्रसिद्ध केली. १९२७ साली रेमंड पर्ल याने लोकसंख्यावाढीवरील आपल्या विवेचनात ती पुन्हा छापली, आणि तेव्हापासून गणिती जीवशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत त्यांना कायमचे स्थान मिळाले. अठरा तासांतील एकोणीस निरीक्षणे, एवढाच हा सारा मजकूर आहे. सुरुवातीला ९.६ एकके असलेले यीस्ट अठराव्या तासाला ६६१.८ एककांपर्यंत पोहोचते व तेथे जवळजवळ स्थिरावते. या आकड्यांवरून वृद्धिस्थिरांक किती, हा प्रश्न वरवर पाहता अगदी साधा वाटतो. परंतु त्याला मिळणारी उत्तरे रीतीनुसार ०.४३ पासून ०.५५ पर्यंत बदलतात. दुप्पट होण्यास लागणाऱ्या काळात सांगावयाचे, तर एका उत्तराप्रमाणे सुमारे ९७ मिनिटे व दुसऱ्याप्रमाणे सुमारे ७६ मिनिटे लागतात. मापने तीच असताना एवढा फरक कोठून येतो, याचा उलगडा केल्याशिवाय पायथनने छापलेल्या कोणत्याही आकड्याला अर्थ येत नाही.

सर्वांत परिचित रीत म्हणजे लॉगॅरिथमची. वाढ घातांकी आहे असे मानले, तर N = N0 e^(rt), आणि म्हणून N चा लॉगॅरिथम काळाच्या समोर मांडला असता सरळ रेषा मिळावयास हवी; त्या रेषेचा उतार हाच r होय. पायथनमध्ये हे काम `np.polyfit(t[:n], np.log(y[:n]), 1)` या एका ओळीत होते. येथील n म्हणजे सुरुवातीची किती निरीक्षणे घ्यावयाची ती संख्या, आणि सारी अडचण नेमकी या n मध्ये दडलेली आहे. पहिली चार निरीक्षणे घेतली तर उतार ०.५२४ येतो. सहा घेतली तर ०.४९०, आठ घेतली तर ०.४६४ आणि दहा घेतली तर ०.४२७. जो आकडा स्थिरांक म्हणून काढावयाचा, तो निरीक्षणे वाढवावीत तसतसा एकाच दिशेने घसरत जातो. यादृच्छिक त्रुटींमुळे असे झाले असते, तर आकडा कधी वर, कधी खाली गेला असता. सतत एकाच बाजूला घसरणे ही समीकरणच चुकीचे असल्याची खूण होय. अनेक प्रबंधांत या ठिकाणी ‘सरळ दिसणारा भाग’ डोळ्यांनी निवडून काम भागवले जाते. मग r चे मूल्य निवडणाऱ्याच्या डोळ्यांवर अवलंबून राहते.

घसरणीचे कारण उघड आहे. पोषक द्रव मर्यादित असल्यामुळे यीस्टची वाढ पहिल्या तासापासूनच थोडी थोडी मंदावत जाते. व्हरहुल्स्टने १८३८ साली मांडलेले विकलक समीकरण ही मंदगती अगदी साध्या रूपात धरते: dN/dt = r N (1 − N/K). येथे K ही माध्यमाची धारणक्षमता होय. प्रति एकक वाढीचा दर r नसून r(1 − N/K) इतका असतो. N अत्यंत लहान असेल तेव्हाच तो r च्या जवळ असतो. पुढे येणाऱ्या मूल्यांप्रमाणे पाचव्या तासाला N हे K च्या सुमारे १८ टक्के होते, म्हणजे प्रत्यक्ष दर r च्या ८२ टक्क्यांवर आलेला असतो. नवव्या तासाला तो ३४ टक्क्यांवर येतो. दहा निरीक्षणांतून रेषा काढणारा मनुष्य या उतरत्या दरांची एक प्रकारची सरासरी काढत असतो, r नव्हे.

या समीकरणाची उकल हाताने काढता येते:

N(t) = K / (1 + (K/N0 − 1) e^(−rt))

आता रेषेऐवजी ही उकलच निरीक्षणांवर बसवावयाची. तिच्यात K, N0 आणि r ही तीन प्राचले आहेत. प्रत्येक निरीक्षण व उकलीने दिलेले मूल्य यांतील अंतराला अवशेष म्हणतात. अवशेषांच्या वर्गांची बेरीज किमान करणारी प्राचले शोधणे, ही न्यूनतम वर्गपद्धती. प्राचले घातांकात व भाजकात गुंतलेली असल्यामुळे रेषेप्रमाणे एका सूत्रात उत्तर निघत नाही. अंदाजी मूल्यांपासून निघून पावलापावलाने सुधारणा करावी लागते, आणि सायपाय या संग्रहातील `curve_fit` हे फलन तेच काम करते.

```python
import numpy as np
from scipy.optimize import curve_fit

t = np.arange(19)
y = np.array([9.6, 18.3, 29.0, 47.2, 71.1, 119.1, 174.6,
              257.3, 350.7, 441.0, 513.3, 559.7, 594.8,
              629.4, 640.8, 651.1, 655.9, 659.6, 661.8])

def N(t, K, N0, r):
    return K / (1 + (K/N0 - 1) * np.exp(-r*t))

p, C = curve_fit(N, t, y, p0=[660, 10, 0.5])
se = np.sqrt(np.diag(C))
```

`p0` मधील तीन आकडे म्हणजे आरंभीचे अंदाज. ते दिले नाहीत, तर हे फलन तिन्ही प्राचले १ धरून सुरुवात करते. या समीकरणापुरती ही सुरुवात विशेष वाईट आहे, कारण K आणि N0 समान असताना उकल एक आडवी रेषा होते आणि r कितीही बदलला तरी तिच्यात काहीच फरक पडत नाही. म्हणजे r कोणत्या दिशेने सरकवावा याची सूचना पहिल्या पावलावर तरी मिळत नाही. अंदाज शोधण्यास काही विद्वत्ता लागत नाही. आकडे जेथे स्थिरावतात ते K, पहिले निरीक्षण हे N0, आणि पहिल्या काही निरीक्षणांच्या लॉगॅरिथमचा उतार हा r. लॉगॅरिथमची जुनी रीत या कामासाठी आजही उत्तम आहे. तिने दिलेला आकडा अंतिम मानू नये, इतकेच.

वरील आज्ञावलीचे उत्तर असे: K = ६६३.०, N0 = ९.१४ आणि r = ०.५४७ प्रति तास. सहप्रचरणांच्या सारणीवरून, म्हणजे वरील `C` वरून, निघणाऱ्या प्रमाण त्रुटी अनुक्रमे १.७, ०.३८ आणि ०.००५६ आहेत. अवशेषांची ठराविक व्याप्ती सुमारे ३.५ एकके येते. सहाशे एककांच्या चढाला ही अगदी लहान आहे, आणि वक्र आलेखावर काढला तर तो सर्व बिंदूंतून गेल्यासारखा दिसतो. पुष्कळदा काम येथेच संपवले जाते. परंतु वृद्धिस्थिरांकाच्या दृष्टीने ते येथे सुरू होते.

प्रथम हे पाहिले पाहिजे की r विषयीची माहिती नेमक्या कोणत्या निरीक्षणांतून आली. r किंचित बदलला असता N(t) किती बदलते, हे K t f (1 − f) या राशीवरून समजते. येथे f म्हणजे N/K. पहिल्या तासाला ही राशी सुमारे १५ आहे, तर नवव्या तासाला १,३४० च्या पुढे जाते. म्हणजे r मध्ये एका प्रमाण त्रुटीइतका, ०.००५६ चा फरक केला, तर पहिल्या तासाचे मूल्य एका एककाच्या दहाव्या भागाने हलते आणि नवव्या तासाचे साडेसात एककांनी. लॉगॅरिथमच्या आलेखावरून r हा ‘सुरुवातीच्या वाढीचा’ दर आहे असा जो समज होतो, त्याच्या हे अगदी उलट आहे. बिनभारित न्यूनतम वर्गपद्धतीत r ठरतो तो मुख्यतः सहाव्यापासून अकराव्या तासापर्यंतच्या चढावरून. वाढ मुक्त असतानाचा दर काढावयाचा, आणि पुरावा मात्र वाढ निम्म्यावर आली असतानाचा घ्यावयाचा, असा हा व्यवहार आहे. तो वैध आहे, पण केवळ व्हरहुल्स्टचे समीकरण या साऱ्या पल्ल्यात खरे असेल तोपर्यंतच.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. चढाच्या मधल्या भागातील निरीक्षणे वक्र कोणत्या वेळी अर्ध्या उंचीवर येतो हे फार घट्ट ठरवतात. येथे ती वेळ सुमारे ७.८ तास आहे. आता त्या ठरलेल्या क्षणी ठरलेल्या उंचीवर पोहोचावयाचे दोन मार्ग संभवतात: अधिक यीस्टपासून सुरुवात करून हळू वाढावे, किंवा कमी यीस्टपासून सुरुवात करून झपाट्याने वाढावे. म्हणून N0 वाढवला की r कमी करून बरीचशी भरपाई होते. `C[1,2]/(se[1]*se[2])` ही राशी काढल्यास N0 आणि r यांच्या अनुमानांतील सहसंबंध मिळतो, आणि तो −०.९७ आहे. या दोन प्राचलांना निरीक्षणे वेगवेगळे क्वचितच ओळखतात. त्यांची जोडी तेवढी त्यांना परिचित असते.

याचा प्रत्यक्ष परिणाम एका नेहमीच्या सवयीत दिसतो. आरंभीचे यीस्ट तर मोजलेलेच आहे, मग N0 = ९.६ असे ठरवून टाकावे व केवळ K आणि r काढावेत, असे पुष्कळांना स्वाभाविक वाटते.

```python
p2, C2 = curve_fit(lambda t, K, r: N(t, K, 9.6, r),
                   t, y, p0=[660, 0.5])
```

असे केले असता r सुमारे ०.५४० येतो, आणि त्याची प्रमाण त्रुटी ०.००५६ वरून सुमारे ०.००१४ पर्यंत उतरते. अचूकता चौपट झाल्याचा भास होतो. वस्तुतः एकही नवे मापन हाती आलेले नाही. पहिले निरीक्षण पूर्णतः निर्दोष आहे एवढे मात्र गृहीत धरले गेले, आणि त्या गृहीतकाने r ला स्वतःच्या नव्या प्रमाण त्रुटीच्या चौपटीहून अधिक सरकवले. ९.६ हेही इतरांसारखेच एक मापन आहे. त्याच्यात अर्ध्या एककाची चूक असणे मुळीच अशक्य नाही, आणि तेवढ्या चुकीनेच r ०.५४७ वरून ०.५४० वर येतो. ज्या प्राचलाचा r शी सहसंबंध इतका तीव्र आहे, ते स्थिर केल्यास त्रुटी नाहीशी होत नाही. ती दृष्टीआड होते. घनता स्वतंत्रपणे व अनेकदा मोजून N0 निश्चित केला असेल, तर गोष्ट निराळी.

आता अवशेष पाहू जाता, `y - N(t, *p)` ही ओळ जे छापते त्यात पहिली चारही निरीक्षणे वक्राच्या वर पडलेली आढळतात: ०.५, २.७, २.५ आणि २.६ एककांनी. पुढे नवव्या व दहाव्या तासाला अवशेष +५.१ व +३.९ आहेत, तर अकराव्या व बाराव्याला −४.८ व −७.४. वक्र जेथे वळतो तेथेच चिन्हे गटागटाने बदलतात, यावरून व्हरहुल्स्टच्या उकलीचे वळण आणि यीस्टचे वळण तंतोतंत जुळत नाही असा संशय घेण्यास जागा आहे. एकोणीस निरीक्षणांत याहून अधिक निश्चित बोलता येत नाही. परंतु प्रमाण त्रुटीचे सूत्र अवशेष एकमेकांपासून स्वतंत्र आहेत असे धरून चालते, हे या ठिकाणी विसरता कामा नये. एकाच भांड्यातील यीस्टची तासातासाची मापने तशी स्वतंत्र असतीलच असे नाही.

पहिल्या चार अवशेषांचा प्रश्न मात्र अधिक खोलात नेतो. २.७ एककांचा फरक हा ६०० एककांच्या पल्ल्यात क्षुल्लक आहे, परंतु पहिल्या तासाचे निरीक्षणच १८.३ आहे आणि वक्र तेथे १५.६ सांगतो. मापनाची त्रुटी सर्व तासांना सारख्याच एककांची असते असे मानले, तर हा फरक सोडून देण्याजोगा आहे. ती मोजलेल्या राशीच्या प्रमाणात असते असे मानले, तर तो गंभीर आहे. `curve_fit` ने आतापर्यंत पहिली बाजू घेतली, कारण तिला निराळे काही सांगितलेच नव्हते. दुसरी बाजू घ्यावयाची असल्यास असे लिहावे:

```python
p3, C3 = curve_fit(N, t, y, p0=[660, 10, 0.5], sigma=y)
```

`sigma` म्हणजे प्रत्येक निरीक्षणाची अपेक्षित त्रुटी. ती मोठी तेथे भार कमी. येथे प्रत्येक निरीक्षणाची त्रुटी त्याच्या आकाराच्या प्रमाणात धरली आहे. उत्तर बदलते: r सुमारे ०.५३, N0 सुमारे १० आणि K ६६९ च्या आसपास. पहिल्या उत्तरापासून r चे अंतर त्या उत्तराने स्वतः जाहीर केलेल्या प्रमाण त्रुटीच्या जवळजवळ तिप्पट आहे. ± च्या पुढे छापलेला आकडा भारांची निवड बरोबर आहे असे समजूनच काढलेला असतो. त्या निवडीतील अनिश्चितता त्याच्यात मुळीच नसते.

येथे लॉगॅरिथमच्या रीतीकडे पुन्हा एक दृष्टिक्षेप टाकणे उपयुक्त ठरेल. एका एककाची चूक ९.६ च्या लॉगॅरिथममध्ये ०.१० इतकी दिसते आणि ४४१ च्या लॉगॅरिथममध्ये ०.००२ इतकी. म्हणजे लॉगॅरिथम घेणारा मनुष्य, बहुधा नकळत, सापेक्ष त्रुटी सर्वत्र समान आहे असे ठरवून मोकळा होतो. भार निवडला नाही असे कोणत्याच रीतीत होत नाही.

मग दोहोंपैकी कोणता भार खरा? आकडे स्वतःच थोडेसे बोलतात. सापेक्ष भार दिलेला वक्र शेवटच्या पाचही निरीक्षणांच्या वरून जातो, तीन-चार एककांनी. आरंभीच्या निरीक्षणांतील दहा टक्क्यांची विसंगती मिटवताना त्याने शेवटची, एकमेकांशी उत्तम जुळणारी निरीक्षणे दुरावली. बिनभारित वक्र शेवटी उत्तम बसतो, पण आरंभी एका बाजूला राहतो. खरी त्रुटी या दोहोंच्या मधली असावी: काही भाग स्थिर, काही भाग प्रमाणात. परंतु एकाच भांड्याच्या एकेका मापनावरून हे दोन भाग वेगळे करता येत नाहीत. त्यासाठी त्याच तासाला पुनःपुन्हा मापन केलेले असावे लागते. तशी मापने असतील, तर प्रत्येक तासाच्या मापनांचे प्रमाण विचलन `sigma` मध्ये घालून `absolute_sigma=True` असे सांगावे. एरवी हे फलन `sigma` ला केवळ परस्पर प्रमाण समजते, आणि त्रुटींचा निरपेक्ष आकार अवशेषांवरून स्वतःच ठरवते. समीकरण चुकीचे असेल, तर ती चूकही या आकारात शिरते आणि मापनाची त्रुटी म्हणून मिरवते.

क्षयाच्या बाबतीत ही अडचण काहीशी सोपी होते. किरणोत्सर्गी द्रव्याच्या विघटनांची मोजणी करताना n मोजणीची प्रमाण त्रुटी √n असते, हे प्वासाँच्या नियमावरून आधीच ठाऊक असते. म्हणून `sigma=np.sqrt(n)` आणि `absolute_sigma=True` असे निःशंकपणे लिहिता येते, फक्त मोजणी शून्य वा अगदी लहान नसावी. तेथे K ची जागा पार्श्वभूमीची मोजणी घेते. बेरियम-१३७एम सारख्या सुमारे अडीच मिनिटांच्या अर्धायुष्याच्या द्रव्याचा लॉगॅरिथमी आलेख दहा-बारा मिनिटांनंतर सपाट होऊ लागतो, तो क्षय मंदावल्यामुळे नव्हे तर पार्श्वभूमी उरल्यामुळे. ती वजा न करता वा प्राचल म्हणून न धरता रेषा काढली, की क्षयस्थिरांक कमी येतो, आणि निरीक्षणे वाढवावीत तसा आणखी कमी येत जातो: यीस्टच्या बाबतीत घडले तेच येथेही घडते.

कार्लसनच्या यीस्टविषयी मग काय लिहावयाचे? ‘r = ०.५४७ ± ०.००६’ असे लिहिले तर ते पायथनने सांगितलेले उत्तर होईल, यीस्टविषयीचे नव्हे. समान निरपेक्ष त्रुटी मानल्यास ०.५४७, समान सापेक्ष त्रुटी मानल्यास सुमारे ०.५३, आणि दोन्ही ठिकाणी N0 मोकळा ठेवलेला, असे लिहिणे अधिक प्रामाणिक होय. दुप्पट होण्याचा काळ त्यानुसार सुमारे ७६ ते ७९ मिनिटे येतो. नवा प्रयोग योजणाऱ्याने सतराव्या-अठराव्या तासानंतर आणखी मापने घेण्यात श्रम घालू नयेत. त्यांनी K अधिक पक्का होईल, पण N0 आणि r यांची गाठ सुटणार नाही. ती सोडवावयाची तर पहिल्या तीन तासांत, प्रत्येक अर्ध्या तासाला, चार-पाच स्वतंत्र भांड्यांतून मापने घेतली पाहिजेत.